गुणाबाईच्या पट्टीवरची निळी रेघ

पंढरी केणे भिवंडीत तीनबत्तीजवळच्या वर्तक लॅबोरेटरीत तंत्रज्ञ होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायम निळी असायची आणि अंगाला आंबूस वास यायचा. निळा रंग पट्ट्या रंगवण्याचा आणि वास त्या धुण्याच्या ॲसिडचा. लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्याची बायको कमळ त्याचा शर्ट दोन बोटांत धरूनच बादलीत टाकायची. माणूस नेकीचा, कामाला वाघ, मिशा भरघोस. घरात मात्र त्याचा आवाज मिशांइतका मोठा कधीच नव्हता. त्यातून गेल्या वर्षी अंजूरहून सासू राहायला आली, तेव्हापासून तो जेवढ्यास तेवढं बोलू लागला.

सासूचं नाव गुणाबाई. पंढरी तिला मामी म्हणायचा. अंजूरला तिची थोडी शेती होती, ती पुतण्याकडे देऊन ती लेकीकडे आली होती. येताना तिनं एक जातं, दोन कोंबड्या आणि जावयाबद्दलची मतं बरोबर आणली. कोंबड्या शेजाऱ्यांनी महिन्याभरात चोरल्या. मतं तशीच राहिली.

"जावय रगताचं काम करतो," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "बापानं नावाड्याचं काम केलं, आजानं मिठागर केलं. आमच्यात रगत काडनारा ह्यो पयलाच."

चारपाच महिन्यांपासून गुणाबाईची पाठ दुखत होती. आधी तिनं दोष लोखंडी खाटेला दिला, मग भिवंडीच्या पाण्याला, मग कमळच्या भाताला. तव्यावर वाळू तापवून शेक घेतला. संध्याकाळी बारीक ताप यायचा, पण तो ती अंगातली उष्णता म्हणून सोडून द्यायची. अंग उतरत चाललं तेव्हा कमळनं तिला जवळजवळ ओढत गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढायला सांगितला आणि रक्त तपासायला सांगितलं.

"मी न्हाय येनार त्या लॅबच्या माडीवर," गुणाबाई म्हणाली. "रगत पायजे ना? जावय घरात हाय. कशाला ठेवलाय त्याला?"

तेव्हा गुरुवारी सकाळी पंढरीनं घरीच सिरिंज उकळली. एरवी तो हजारो लोकांना टोचायचा, कुणाच्या तोंडाकडे मान वर करून बघायचा नाही. त्या दिवशी त्यानं सुई दोनदा उकळली.

"एकदाच टोचायचं," गुणाबाईनं बजावलं. "दुसऱ्यांदा सुई दावलीस तर मी संध्याकाळच्या गाडीनं अंजूरला."

पंढरीच्या मनात क्षणभर आलं, की दुसऱ्यांदा सुई दाखवावीच. पण तो सज्जन माणूस होता. एका टोचण्यात जेवढं मिळालं तेवढं रक्त त्यानं लॅबमधून आणलेल्या पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत घेतलं, हलवलं आणि लॅबमध्ये नेलं.

दुपारपर्यंत आकडे हातात आले. रक्त भराभर खाली बसत होतं, तासाला शंभर मिलिमीटरच्या वर. हिमोग्लोबिन कमी. प्रथिनांमधलं ग्लोब्युलिन फार वाढलेलं. संध्याकाळी गल्लीतले डॉक्टर फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "मणका बसलाय. वय, पाठ, हे ग्लोब्युलिन... पंढरी, इलेक्ट्रोफोरेसिस कर. मला मायलोमा वाटतोय."

मायलोमा म्हणजे हाडांच्या मगजातला कॅन्सर, हे पंढरीला सांगावं लागलं नाही. त्याला हेही माहीत होतं, की त्यावर फार काही करता येत नाही.

इलेक्ट्रोफोरेसिस हे पंढरीचं आवडतं काम. कागदाच्या पट्टीवर रक्तातल्या पाण्याचा थेंब लावायचा, पट्टीची टोकं क्षाराच्या पाण्यात बुडवून तिच्यातून वीज सोडायची. विजेच्या ओढीनं प्रथिनं पट्टीवरून चालू लागतात. अल्ब्युमिन सगळ्यांत पुढे पळतं, मग अल्फा, मग बीटा, आणि गॅमा सगळ्यांत मागे रेंगाळतं. भिवंडीत हे शुक्रवारीच जमायचं. एरवी माग चालू असले, की व्होल्टेज असं नाचायचं की प्रथिनंही वाट चुकायची. शुक्रवारी माग बंद, वीज सरळ.

नवीन रक्त मागायची तर सोय नव्हती. गुरुवारची बाटली फ्रीजमध्ये होती. तांबड्या थराच्या वर पिवळं पाणी स्वच्छ उभं होतं. पंढरीनं ते ओढून घेतलं, शुक्रवारी सकाळी नेहमीप्रमाणे दोन पट्ट्या लावल्या, एक मोजायला आणि एक ठेवायला. संध्याकाळी त्या भट्टीत वाळवल्या, निळ्या रंगात बुडवल्या आणि शनिवारी सकाळी ॲसिडमध्ये धुवायला घेतल्या.

पट्टी धुतली, की आधी सगळी निळी असते, मग पांढरं उजाडत जातं आणि प्रथिनं तेवढी निळी उरतात. एका टोकाला अल्ब्युमिनचा पट्टा उजाडला, थोडा फिकट. मधले पट्टे उजाडले. आणि मग मागच्या बाजूला, कुणीतरी निळ्या पेन्सिलीनं फूटपट्टी लावून ओढावी तशी एक सरळ, आखीव रेघ.

पंढरी स्टुलावर बसला. त्यानं दुसऱ्या पट्टीचे तुकडे केले, एकेकाचा रंग पाण्यात उतरवून मोजला आणि आलेखावर टिंबं जोडली. टिंबांनी एका जागी सरळ उभी उडी घेतली आणि लगेच खाली आली. देवळाच्या कळसासारखं टोक. पुस्तकात ज्याला एम स्पाइक म्हणतात, ते हेच. एकाच जातीच्या पेशी माजल्या आणि एकच प्रथिन ओतू लागल्या, की असं एकच निमुळतं टोक उठतं.

लॅबच्या मालकीण डॉक्टर प्रमिला वर्तक ठाण्याहून सोमवारी आणि गुरुवारी यायच्या. या वेळी त्या भाचीच्या लग्नाला नाशिकला गेल्या होत्या. पंढरीनं पट्टी पाकिटात घातली. सोमवारपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवून तो घरी निघाला. आणि वाटेत मासळीबाजारात थांबला.

"पापलेट?" कमळनं पिशवी उघडून विचारलं. "आज काय हाय?"

"मामींना आवडतं ना."

कमळनं पिशवीतून मान वर केली आणि त्याच वेळी ओटीवरून गुणाबाईची मुंडी आत आली. बारा वर्षांत सासूला काय आवडतं याची चौकशी या घरात जावयानं केली नव्हती.

जेवताना गुणाबाई म्हणाली, "कालवणात मीठ जास्त हाय."

"हाय थोडं," पंढरी म्हणाला.

कमळनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ताटात तेच कालवण होतं आणि तो ते चाटूनपुसून खात होता.

रात्री त्यानं सासूच्या पाठीमागे स्वतःची उशी ठेवली. रेडिओवर ती म्हणेल ते लावलं. सकाळी उठून तिच्यासाठी चहा केला. शेवटचा चहा त्यानं लग्नाआधी केला होता, हे चवीवरून कळत होतं. गुणाबाईनं एक घोट घेतला आणि लेकीला आत बोलावलं.

"पोरी, यानं काय तरी केलंय."

"मना पण तेच वाटतंय," कमळ म्हणाली. तिला आणखीही वाटत होतं. समोरच्या दवाखान्यात नवी नर्स आली होती, ती लॅबमध्ये बाटल्या घेऊन यायची आणि हसून बोलायची. "बायको सोडून सासूची सेवा करतो, म्हनजे मनात पाप हाय."

"न्हायतर माझी जमीन पायजे त्याला."

"तुजी कसली जमीन! पुतन्यानं गिळली ती."

"मग बाईच असंल," गुणाबाई समाधानानं म्हणाली. "थांब. मी बगतं."

तिनं परीक्षा घ्यायला सुरुवात केली. लोखंडी खाट नको म्हणाली. पंढरीनं खाट बाहेर काढली आणि शेजाऱ्यांकडून फळी आणली. पंढरीच्या भजनी मंडळाचे टाळ घरात नकोत म्हणाली. पंढरीनं टाळ देवळात नेऊन ठेवले. तिचा उत्साह वाढत गेला. वर्षभर मनात साठलेलं सगळं एका रविवारी निघत होतं.

"आन त्या मिश्या," ती म्हणाली. "मना पयल्यापासून आवडत न्हाईत. तोंडावर झाडू बांदल्यासारखं दिसतं."

पंढरीचा हात वर गेला, मिशीवरून एकदा फिरला. मग तो उठला आणि मोरीत गेला.

बाहेर आला तेव्हा कमळच्या हातातला तांब्या पडला. मिशीविना त्याचा वरचा ओठ कोवळा आणि पांढरा दिसत होता, एखाद्या मोठ्या बाळासारखा. गुणाबाई हसली नाही. हातातली सुपारी तिनं खाली ठेवली.

हे मोरीतलं प्रकरण पंढरीला पचलं असतं. पण तो दूध आणायला खाली गेला. आपल्याकडे घरचं वडीलधारं माणूस गेलं, की पुरुष मिशी उतरवतो, हे त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. दूधवाल्यानं पाहिलं, शिंप्यानं पाहिलं. घटकाभरात शेजारच्या काशीबाई पदर डोळ्यांना लावून दारात उभ्या. त्यांच्या मागे आणखी दोघी, एकीच्या हातात पिठलं-भाताचं पातेलं, कारण सुतकात चूल पेटत नाही.

"गं कमळ," काशीबाईंनी गळा काढला, "अशी कशी गं गेली म्हातारी! काल तर ओटीवर बसून मना शिव्या देत व्हती!"

"आत ये," फळीवरून आवाज आला. "आजूनबी देतंय."

काशीबाईंनी किंचाळून पातेलेवालीचा दंड धरला. मग गुणाबाईला नीट बघून त्यांना राग आला; फुकट रडायला लावलं म्हणून. चहा पिऊन त्या गेल्या. पिठलं-भात ठेवून घेण्यात आला.

दार लागल्यावर गुणाबाई म्हणाली, "पंढरी, हितं ये. बस."

तो बसला.

"मिश्या मी गमतीनं मागितल्या. तू दिल्यास. म्हनजे बाई न्हाय आन जमीनबी न्हाय." तिनं त्याच्या ओठाकडे पाहत विचारलं, "किती दिस हायत माझे?"

पंढरीला खोटं बोलता येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कमळही भिंतीला टेकून खाली बसली. नर्सचा राग तिनं सकाळपासून जपून ठेवला होता. आता त्याचं काय करावं ते तिला कळेना. कालवण खारट म्हणाली म्हणून आपण आईला तोंडावर काय काय बोललो, ते आठवत ती पदर तोंडात कोंबून रडली.

गुणाबाई रडली नाही. "आसं म्हन," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवायला उठवलं तर म्हणाली, "त्या काशीचा पिठलं-भात दे. माझ्याच नावानं आलाय."

सोमवारी डॉक्टर वर्तक लॅबचा जिना चढून आल्या आणि पंढरीला पाहून थबकल्या.

"अरे, कोण गेलं?"

"अजून कोणी नाही, बाई," पंढरी म्हणाला आणि पट्टी पुढे केली. "सासूबाईंची आहे."

बाईंनी चष्मा बदलला आणि पट्टी खिडकीच्या काचेवर धरली. मग आलेख पाहिला. मग पुन्हा पट्टी.

"तुला काय दिसतं?"

"एम स्पाइक."

"ती रेघ बोटानं झाक. आता काय दिसतं?"

पंढरीनं निळं बोट ठेवलं. रेघेच्या मागे गॅमाचा भाग होता. शनिवारी त्याचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. तिथं सांडलेली शाई पसरावी तसा रुंद, पुसट कडांचा, चांगला गडद निळा डाग होता.

"गॅमा वाढलंय," तो म्हणाला.

"सगळंच वाढलंय. मायलोमात काय होतं? एक जात माजते आणि बाकीच्यांना उपाशी मारते. रेघ ठळक आणि तिच्या आजूबाजूचं गॅमा फिकट, बहुतेक वेळा असंच दिसतं. इथं तर सगळ्या जाती मिळून फुगल्यात. हा कळस नाही, ही टेकडी आहे. पॉलिक्लोनल. शरीर कुठल्या तरी जुन्या दुखण्याशी भांडत असलं की असं होतं."

"पण रेघ आहे ना, बाई. रेघ कुठं जाईल?"

"तेच विचारते. रेघ उभी कुठे आहे बघ. बीटा संपतं आणि गॅमा सुरू होतं, बरोबर तिथं." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पंढरी, रक्त कशात घेतलंस?"

पंढरीनं मांडणीवरच्या पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्यांकडे पाहिलं. लॅबमध्ये त्यांत रक्त गोठू नये म्हणून ऑक्झॅलेटची पूड घालून ठेवलेली असते. रक्त गोठलं नाही, तर ते गोठवणारं फायब्रिनोजेन वरच्या पिवळ्या पाण्यात तसंच राहतं आणि पट्टीवर नेमकी तिथंच रेघ ओढतं. या तपासणीला कोऱ्या नळीतलं, गोठून सुटलेलं पाणी लागतं, सीरम. हे तो नव्या नर्सना दर आठवड्याला दरडावून सांगायचा.

"एकदाच टोचू दिलं त्यांनी," तो पुटपुटला. "दुसऱ्यांदा मागायची छाती झाली नाही."

डॉक्टर वर्तकांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "हुरळून जाऊ नकोस. एम प्रथिनही त्या जागी बसू शकतं. मी नुसत्या अंदाजावर सही करणार नाही. कोऱ्या नळीत रक्त आण. जुनं आणि नवं शेजारी शेजारी लाव. नव्यात रेघ राहिली तर मायलोमा अजून उभा आहे. आणि तो एक्स-रेही आण."

पंढरी धावत घरी आला. गुणाबाई फळीवर बसून सुपारी कातरत होती. त्यानं सगळं सांगितलं, धापा टाकत, फायब्रिनोजेनसकट. तिला त्यातलं एकच समजलं.

"म्हनजे चूक कोनाची?"

"माझी."

"मोट्यानं बोल. कमळला ऐकू जाऊ दे."

"माझी चूक, मामी!"

"काशीलाबी."

पंढरी दारात जाऊन ओरडला. शेजारून काशीबाई म्हणाल्या, "आता काय झालं? खरंच गेली का?"

गुणाबाईनं दंड पुढे केला. सुई आत जाताना तिनं डोळे मिटले. तिच्या दुसऱ्या हातानं पंढरीचा शर्ट गच्च धरला होता, आणि सुई निघाल्यावरही तिनं तो बराच वेळ सोडला नाही.

शुक्रवारची वाट बघायला कुणी तयार नव्हतं. मागांची खटखट चालू असतानाच पंढरीनं दोन पट्ट्या लावल्या, जुनं पाणी एकीवर, नवं दुसरीवर, आणि दिवसभर वीज मोजणाऱ्या काट्याजवळ बसून व्होल्टेजचं बटण मागेपुढे करत राहिला. डॉक्टर वर्तक त्या दिवशी ठाण्याला परत गेल्या नाहीत. कल्याणला बहिणीकडे राहिल्या. मंगळवारी सकाळी पट्ट्या धुताना त्या पंढरीच्या शेजारीच उभ्या होत्या.

आधी जुनी पट्टी उजाडली. रेघ होती तिथंच, आखीव, उद्दाम. मग नवी उजाडू लागली. अल्ब्युमिन फिकट. अल्फा. बीटा. पंढरीनं चिमट्यानं पट्टी हलवली, ॲसिड हेलकावलं. बीटाच्या मागे कागद हळूहळू पांढरा होत गेला आणि पांढराच राहिला. त्याच्यामागे रुंद, धूसर निळी टेकडी.

"गेली," पंढरी म्हणाला.

"गेली," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा खुर्चीत टेकल्या. एक्स-रे त्यांनी खिडकीत धरला. "आणि हे बघ. नुसता एक मणका बसलाय असं नाही. दोन शेजारचे मणके कडांना खाल्ले गेलेत आणि त्यांच्यामधली चकती नाहीशी झालीय. संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. ठाण्याच्या हाडाच्या डॉक्टरांना दाखवायचं, पण माझं मत विचारशील तर हा मणक्याचा टीबी आहे. वर्ष-दीड वर्ष औषधं, रोजची इंजेक्शनं, फळीवर सक्तीची विश्रांती. बऱ्या होतील."

पंढरी तीनबत्तीहून घरापर्यंत पळत आला आणि गल्लीच्या तोंडापासूनच ओरडू लागला, "मामी, टीबी हाय! टीबी हाय, मामी!"

शिंप्यानं मशीन थांबवलं. सासूला टीबी झाला म्हणून एवढा आनंदलेला जावई त्यानं पूर्वी पाहिला नव्हता. मिशी उतरवली तेव्हाच डोकं फिरलं असणार, असं त्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं.

घरात त्यानं पुन्हा एकदा सगळं समजावलं. पुढच्या महिन्यात ठाण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि औषधं सुरू झाली. पण त्या मंगळवारी गुणाबाईला तेवढं पुरेसं होतं. ती जराशी हिरमुसल्यासारखीही दिसली. दोन दिवस ती मरायची तयारी करत होती. कुणाला कुठली नथ द्यायची ते मनात ठरलं होतं, आणि आता पुढे दीड वर्ष फळीवर पडून राहायचं.

"म्हनजे मी जगनार," ती म्हणाली.

"खूप वर्सं, मामी," पंढरी म्हणाला. आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या हळूहळू ध्यानात येत गेलं. तो पाणी प्यायला आत गेला.

कमळ चुलीपाशी उभी होती. रविवारपासून ती आईशी हलक्या आवाजात बोलत होती, हो म्हणत होती, पाय दाबत होती. तिनं डोळे पुसले, भात वाढला, आमटी वाढली आणि ताट आईच्या मांडीवर ठेवलं.

गुणाबाईनं एक घास घेतला. "आमटीला चव न्हाय."

कमळनं तिच्याकडे पाहिलं. कमरेवर हात ठेवले.

"न्हाय ना चव? मग उद्यापासून स्वैपाकाला दुसरी लेक शोध," ती कडाडली. "सकाळपासून माझा जीव टांगनीला, आन हिला चव पायजे! खा गुमान!"

गल्लीत मशीन पुन्हा सुरू झालं. गुणाबाईनं भात कालवला, मान डोलावली आणि खाली बघून जेवू लागली.